तारीख लागली का?

"आपण आपल्या व्यग्र दिनक्रमातून अमूल्य वेळ काढून आम्हांला मोलाचं मार्गदर्शन केलंत, त्याबद्दल मी वाचनालयाच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार मानते. खरं तर आभार मानून आम्ही आपल्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही, आम्ही आपल्या ऋणातच राह—" आणि पडदा काळा झाला. फुकटातली जोडणी होती, तिची तासाची मुदत संपली. सरांचा चेहरा, त्यांच्या मागची पुस्तकांची मांडणी, खालच्या चौकोनांतले आमचे एकतीस सभासद, सगळं एका क्षणात गेलं. मी मात्र पुढची दोन वाक्यं बोलून मोकळी झाले होते. हातातला कागद तोंडपाठ होता, म्हणून थांबायला वेळ लागला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "झालं का गं? वरण गरम करू?"

दहा मिनिटांनी सरांचा निरोप आला. वाटलं होतं, "काही हरकत नाही, छान झाला कार्यक्रम" वगैरे असेल. निरोप होता : "आभार पोचले. सरावाच्या पत्राची मंडळींना तारीख लागली का, ते सवडीने कळवा." एवढंच. वर सलाम नाही, खाली नमस्कार नाही.

ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. कारण सरावाचं पत्र कुठलं, हेच मला आठवेना.

आमच्या वाचनालयात आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं. कसं आलं ते सांगता येत नाही, पण एकदा आलं की ते जात नाही, इतकं नक्की. प्रास्ताविकाला अध्यक्ष असतात, परिचयाला कुणीतरी उत्साही तरुण मिळतो, आणि शेवटी लोक चपला शोधायला लागले की माझं नाव पुकारतात. वडिलांकडेही हेच काम होतं. गणेशोत्सवाच्या दहाव्या दिवशी ते चष्मा कपाळावर सरकवून उभे राहायचे आणि मांडववाला, माइकवाला, ट्रॅक्टरवाला, वर्गणीदार, ज्ञात-अज्ञात हात असं करत करत "कुणाचं नाव अनवधानाने राहून गेलं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी" इथपर्यंत यायचे. तोवर प्रसादाच्या शिऱ्याला साय धरलेली असायची. पण एक गोष्ट होती. माइकवाल्याचं नाव घेतलं की तो खरोखर मांडवाच्या कोपऱ्यातून मान वर करायचा. शाल-श्रीफळ देताना पाहुण्यांच्या हाताला आपला हात लागायचा, नारळाची शेंडी बोटांना टोचायची, चहा पिताना ते सहज काही बोलून जायचे आणि त्यावरून कळायचं की त्यांना आमची सभा कशी वाटली. ऑनलाइन कार्यक्रमात हे काहीच नाही. शाल कुरिअरने पाठवायची म्हटलं तर सर मुलीकडे मेलबर्नला. चहा तर नाहीच.

आणि हेही मला नंतर लक्षात आलं : आमचे साडेसहा म्हणजे त्यांच्याकडे रात्रीचे अकरा. मी "व्यग्र दिनक्रमातून वेळ काढून" म्हणत होते तेव्हा त्या घरात बाकी सगळे झोपलेले होते. म्हणूनच ते सबंध तास इतक्या खालच्या आवाजात बोलत होते. आमच्यातल्या दोघातिघांनी "सर, आवाज वाढवा" असं लिहिलंही होतं.

विषय होता मोडी कागदांच्या तारखा. मोडी शिकवणारे वर्ग आता पुष्कळ निघालेत. २०२३ सालापासून कुणबी नोंदी शोधायला मोडी वाचणारे मिळेनात, तेव्हा तर अचानक सगळ्यांना या लिपीची आठवण झाली. आमच्या एकतीसांतलेही निम्मे त्याच पायी आले असणार. घरात आजोबांची ट्रंक, ट्रंकेत लाल रुमालात बांधलेले कागद, आणि त्यातलं एक अक्षर लागत नाही. पण सरांचं म्हणणं असं, की अक्षर ओळखू येणं ही पुढची पायरी. आधी कागद कुठल्या काळातला ते कळलं पाहिजे, कारण त्यावर बाकीचं सगळं ठरतं. त्यांनी अनेक वर्षं दप्तरखान्यात रुमाल सोडण्या-बांधण्यात काढली आहेत. बोलताना मधेच बोटांनी काहीतरी झटकायचे. आधी मला वाटलं माशी असेल. ती सवय होती, धूळ झटकायची.

रविवारी सकाळी मी ध्वनिमुद्रण लावलं आणि आदल्या दिवशी जिथे मी हजर होते तो कार्यक्रम पहिल्यांदा ऐकला.

हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. आभार मानणारी व्यक्ती सभेत सगळ्यात कमी ऐकते. तिच्या डोक्यात सतत वाक्यं जुळत असतात. हा मुद्दा चांगला आहे, आभारात घेऊ या. तो विनोद चांगला होता, त्याचा उल्लेख करू या. प्रत्येक मुद्दा तिच्याकडे येतो तो एका ओळीचा होऊन. माझ्या कागदावर सरांच्या तासाभरातलं जे उतरलं होतं ते असं : "मृग!", "५९९ / ६००", "मायना – किल्ली (छान)". ही किल्ली कसली, ते आता ऐकताना कळलं.

सर म्हणाले होते, कागद हातात आला की वरून वाचायला सुरुवात करू नका. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ मारतो आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं तिला टांगत जातो. दोन शब्दांच्या मधे जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वरून सुरुवात केली तर तिसऱ्या शब्दाला अडकाल. त्याऐवजी जे आधीच ठाऊक आहे ते शोधा. जुनं पत्र ठरावीक शब्दांनी सुरू होतं : राजश्री अमुक यांसी, साष्टांग नमस्कार, विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन केले पाहिजे, विशेष. यातले कितीतरी शब्द एकेका अक्षरात आटोपलेले असतात, 'रा॥' म्हणजे राजश्री, 'मु॥' म्हणजे मुक्काम. शेवटही ठरलेला : बहुत काय लिहिणे, हे विनंती. आता हे शब्द काय आहेत ते तुम्हाला पाठ आहे, तेव्हा त्यावरून या लेखकाचा 'र' कसा, 'स' कसा, 'व' आणि 'ब' यांत तो फरक करतो का, हे ताडून घ्या. मायन्यात त्याच्या हाताची ओळख करून घ्यायची आणि मग ती ओळख घेऊन मजकुरात शिरायचं. "मायन्यात बातमी काहीच नसते," सर म्हणाले, "पण सगळी किल्ली तिथेच असते."

मी ध्वनिमुद्रण थांबवलं. ठरावीक वाक्यांबद्दल इतकं प्रेमाने बोलणाऱ्या माणसासमोर मी अर्ध्या तासाने ठरावीक वाक्यं वाचून दाखवली होती. ती ऐकताना त्यांना काय वाटलं असेल? कदाचित माझा 'र' कसा ते कळलं असेल.

मग आलं तारखेचं प्रकरण. पेशवाईतल्या कागदावर शके असतात, पण पुष्कळदा असतं ते शुहूर सन, आणि तेही आकड्यांत नाही, अरबी संख्यावाचक शब्दांत. कागदात 'सु॥' दिसलं की पुढे साल आलं असं समजायचं. शब्द एकमापासून सुरू होतात : इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. मग दशक : अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मग मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, आणि अलफ हजार. उदाहरण त्यांनी असं घेतलं, की ते विसरता येणार नाही. पानिपतचा दिवस, १४ जानेवारी १७६१. तेव्हा शुहूर साल चालू होतं इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर, हजार. ११६१.

११६१ वरून १७६१ ला जायचं तर सहाशे मिळवायचे. सोपं वाटतं. आणि इथेच लोक फसतात. शुहूर साल सुरू होतं सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात येत होता. म्हणजे एकाच शुहूर सालात इंग्रजी सालाचे दोन तुकडे येतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीत झालं म्हणून ६००. तेच ११६१ साल, पण दसरा-दिवाळीचं पत्र असेल तर ते १७६० चं.

बरं, मग महिना कुठला ते कळलं की झालं? तर तसंही नाही, कारण साल सूर्याचं आणि महिना चंद्राचा. तारीख येते 'छ' या अक्षरापुढे, मुसलमानी महिन्याने : छ ५ रमजान, छ १२ सफर. हे महिने दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकतात. त्यामुळे रमजान म्हटलं की तो उन्हाळ्यातला की थंडीतला ते नुसतं नावावरून सांगता येत नाही, जंत्री उघडावी लागते. पेशवाईच्या काळासाठी बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री, त्याआधीच्या काळासाठी ग. ह. खऱ्यांची शिवकालीन. चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक धरायचा.

आणि मग ते सरावाचं पत्र. सरांनी ते स्वतः बेतलेलं होतं, अस्सल नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सहा ओळी. मायना, पुढे "श्रीमंत माधवराव साहेब यांचे शरीरी आराम पडत नाही. मृगाचा पाऊस बरा पडला," आणि शेवटी "छ १० रबिलावल सु॥ सलास सबैन मया व अलफ". हे पडद्यावर ठेवून ते म्हणाले, "याची तारीख लावून पाठवा." ध्वनिमुद्रणात त्याच क्षणी माझा आवाज ऐकू येतो, "सर, एक मिनिट, वेळ संपत आली आहे, आपण आभाराकडे वळू या."

म्हणजे पत्र मला आठवेना यात नवल नव्हतं. त्यांचा शेवट मीच कापला होता.

त्या दिवशी दुपारी गटावर विचारलं, "कालच्या व्याख्यानातून आपण काय शिकलो, ते प्रत्येकाने दोन ओळीत लिहा. सरांना कळवायचं आहे." संध्याकाळपर्यंत सतरा उत्तरं आली. "अतिशय माहितीपूर्ण." "खूप छान, असे कार्यक्रम वारंवार व्हावेत." "सरांच्या ज्ञानाला सलाम." सहा जोडलेले हात. एकाने चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या. यातली एक ओळही सरांना पाठवण्यासारखी नव्हती, आणि दोष त्यांचा नव्हता. 'काय शिकलात' असं विचारलं की माणूस आभारच मानतो. मग मी प्रश्न बदलला. सरावाच्या पत्राचं चित्र टाकलं आणि लिहिलं : तारीख लावा, आणि कशी लावली तेही लिहा. चुकली तरी चालेल.

नऊ जणांनी पाठवलं. नवातली एक मी.

चौघांचं उत्तर आलं १७७३. सलास सबैन मया व अलफ म्हणजे ११७३, अधिक ६००. पानिपतला जे केलं तेच इथे केलं. या चौघांत मी होते. कागदावर "५९९ / ६००" असं स्वतःच्या हाताने लिहिलेलं असूनसुद्धा.

एका मुलीचं आलं १७१०. तिने सबैनला सबा वाचलं, सत्तरच्या जागी सात, आणि तीन अधिक सात अधिक अकराशे अशी बेरीज केली. ही चूक पकडायची खूण सरांनी सांगितली होती, घाईत : एका सालात दोन एकम कधी येत नाहीत. सलास आलं की पुढचा शब्द दशक असणार, नाहीतर थेट शेकडा.

एका निवृत्त तलाठीभाऊंचं उत्तर होतं १७६३. हे काही केल्या मला उलगडेना, म्हणून फोन केला. "फसली आहे ना ताई," ते म्हणाले, "५९० मिळवले." त्यांचं आयुष्य महसुली कागदांत गेलेलं. आपल्याकडच्या फसली सालात ५९० किंवा ५९१ मिळवले की इंग्रजी साल येतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. शुहूर आणि फसली यांत नऊ वर्षांचं अंतर असतं, ११७३ शुहूर म्हणजे ११८२ फसली. गणित त्यांचं बिनचूक होतं. सन दुसरा होता.

दोघांनी १७७२ लिहिलं. एकाने कारण दिलं नाही. दुसऱ्या आमच्या सरूमावशी, सात एकर शेती स्वतः बघतात, वाचनालयात येतात ते मुख्यतः दिवाळी अंकांसाठी. त्यांनी आवाजी निरोप पाठवला, मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज. "मृगाचा पाऊस पडला म्हणतोय नव्हं का तो? मंग साल नुकतंच पालटलंय. पाचशे नव्याण्णव घालायचे. त्यात काय बघायचंय एवढं?" जंत्री नाही, पडदा पुन्हा लावून पाहणं नाही. मी तो निरोप तीनदा ऐकला. माझ्या ओळखीत मृग हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरणारी ती एकटीच बाई, आणि तोच शब्द पत्रात उघडा पडलेला असताना आम्ही बाकीचे त्याच्यावरून पुढे गेलो होतो.

आणि नववं उत्तर औषधाच्या दुकानवाल्या दादांचं. त्यांनी एकाऐवजी दोन तारखा पाठवल्या आणि खाली लिहिलं, "दोन्ही बसतात." मला वाटलं त्यांचा घोळ झालाय. घोळ नव्हता. त्यांनी जंत्री काढून पाहिली होती. सौर वर्ष ३६५ दिवसांचं, बारा चांद्र महिने ३५४ दिवसांचे. मग ते अकरा दिवस जातात कुठे? तर एका शुहूर सालात एका महिन्याचा काही भाग दोनदा येतो, एकदा सालाच्या तोंडाशी आणि एकदा शेपटाशी. ११७३ सालात तो महिना नेमका रबिलावल. १७७२ मधला १० रबिलावल ११ जूनला पडतो, मृग लागून आठवडा झालेला. पुढच्या वर्षी तो दहा दिवस मागे सरकून १ जून १७७३ ला येतो, तेव्हा पुढचा मृग लागायला तीन-चार दिवस बाकी, म्हणजे शुहूर साल अजून तेच. छ तेच, महिना तोच, साल तेच, आणि मधे जवळजवळ अख्खं वर्ष.

मग ठरवायचं कशावर? वार दिला असता तर सुटलं असतं, कारण पहिला गुरुवार येतो आणि दुसरा मंगळवार. पण सरांनी वार मुद्दाम दिला नव्हता. दादांनी मजकूर वाचला. माधवराव पेशवे थेऊरला वारले ते १८ नोव्हेंबर १७७२ ला. १ जून १७७३ ला त्यांच्या शरीरी आराम पडत नाही असं कोण लिहील? तेव्हा गादीवर नारायणराव होते. म्हणून ११ जून १७७२. आणि सरूमावशींचा पाऊसही तेच सांगत होता. १ जूनला मृगच लागला नव्हता, तर मृगाचा पाऊस कुठून पडणार? "आमच्या धंद्यात," दादांनी शेवटी लिहिलं होतं, "तारीख दोनदा बघायची सवय असते. गोळ्या परत कराव्या लागतात."

मला आधी आनंद झाला आणि मग थोडं वाईट वाटलं. नवातल्या दोघांना कारणासकट बरोबर, सातांना नाही किंवा अर्धवट. हे पाहुण्यांना कळवायचं का? आपल्याकडे आभाराच्या पत्रात चुका सांगण्याची पद्धत नाही. "श्रोत्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला" असं लिहून टाकता येतं, ते खोटंही नसतं. अध्यक्षांना विचारलं तर ते म्हणाले, "कशाला उगीच? सरांना वाटेल आपलं शिकवणं वाया गेलं." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मीही शाळेत मराठी शिकवते. एका तासाच्या मेहनतीनंतर उत्तरपत्रिका तपासताना कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. पण हेही ठाऊक आहे की "बाई, तुमचा तास खूप आवडला" असं म्हणणाऱ्या मुलीपेक्षा "बाई, ते कर्मणी प्रयोगाचं दुसरं उदाहरण मला चुकीचं वाटतंय" म्हणणारी मुलगी घरी आल्यावरही डोक्यात राहते.

शेवटी बुधवारी रात्री पत्र लिहिलं. ते असं :

"आदरणीय सर, स. न. वि. वि. शनिवारी आपले आभार अर्धवट राहिले, त्याआधी आपलं व्याख्यान मी अर्धवट तोडलं, आणि कार्यक्रमाची वेळ ठरवताना आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतील हे आमच्या कुणाच्याही लक्षात आलं नाही. तिन्हींबद्दल मनापासून दिलगीर आहे. आपण विचारलंत त्याचं उत्तर : नऊ जणांनी तारीख लावली. ११ जून १७७२ हे पक्कं उत्तर एकाने दिलं, दुसरी शक्यता खोडून. एका शेतकरी बाईंनी मृगाच्या पावसावरून १७७२ ओळखलं. आणखी एकाने साल बरोबर दिलं, कारण दिलं नाही. चौघांनी सरसकट ६०० मिळवले, त्यांत मी आहे. एकीने सबैन आणि सबा यांत गल्लत केली. एका निवृत्त तलाठ्यांनी सन फसली धरला. मायन्यावरून हात ओळखायचा, हे मात्र बहुतेकांना पटलेलं दिसतं, कारण चित्र पाठवल्यावर तिघांनी स्वतःच्या घरचे कागद काढून त्यातला 'श्री' आणि 'राजश्री' गटावर टाकले आहेत. संख्यांच्या शब्दांचं पान पडद्यावर फार थोडा वेळ होतं, अशी तक्रार आहे. आपली, —"

पाठवायचं बटण दाबलं आणि लगेच वाटलं, 'तक्रार' हा शब्द नको होता.

उत्तर महिनाभर आलं नाही. मी मनातल्या मनात अध्यक्षांना बरोबर ठरवून टाकलं. पाऊस सुरूच होता, वाचनालयाच्या मागच्या भिंतीला ओल आली, कपाटं पुढे ओढावी लागली, त्या गडबडीत विषयही मागे पडला. मग ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात टपालाने नव्हे, फोनवरच, एका कागदाचं छायाचित्र आलं. पिवळसर कागद, काळी शाई, वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली शिरोरेघ, आणि तिला टांगलेली मोडी. माझ्या नावे. माझ्या पत्राला त्यांनी ज्या लिपीत उत्तर द्यायला हवं होतं त्या लिपीत दिलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर बसले. मायन्यापासून सुरुवात केली, शिकवलं होतं तसं. 'राजश्री' कुठे दिसेना. मग लक्षात आलं, बायकांना राजश्री कसं लिहितील; तिथे 'सौभाग्यवती'चा 'सौ॥' होता. त्यावरून त्यांचा 'स' मिळाला. 'विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन केले पाहिजे' ही ओळ सापडली तेव्हा माझ्या अंगावर थोडा काटा आला, कारण हे वाक्य आजवर मी पोकळ समजत आले होते. मला कळवलं पाहिजे तुमचं काय चाललंय, असं त्यात सरळ लिहिलेलं आहे. विचारणा आहे ती. सरांनी शनिवारी रात्री मला हेच विचारलं होतं, फक्त चालू मराठीत.

मजकूर हळूहळू लागला. तलाठीभाऊंची चूक त्यांना फार आवडली होती. फसलीबद्दल आपण एक शब्द बोललो नाही, घराघरांत निघणारे जमिनीचे कागद बहुतेक फसलीतच असणार, तेव्हा पुढच्या वेळी सुरुवात तिथून करतो, असं काहीसं होतं. शब्दांच्या यादीचं पान वेगळं पाठवतो म्हणाले होते. पानिपतचं उदाहरण बदलतो, असंही होतं : ते जानेवारीतलं असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोक्यात ६०० पक्कं बसतं, चौघांची चूक ही आपली चूक. हे वाचून मला एकदम हलकं वाटलं आणि त्याचीही लाज वाटली. सरूमावशींसाठी एक ओळ स्वतंत्र होती, ती मी दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "हां," आणि भांडी घासायला गेल्या.

शेवटी तारीख. छ ११ सफर सु॥ खमस अशरीन अर्बा मया व अलफ. पाच, वीस, चारशे, हजार. १४२५. आता मी चुकणार नव्हते. सफर कुठे पडतो ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहिलं, ऑगस्ट, म्हणजे मृग उलटून गेलेला, म्हणजे ५९९. २०२४.

झोपमोडीबद्दल मी जे लिहिलं होतं त्याला उत्तर अगदी तळाशी, 'बहुत काय लिहिणे'च्या आधी, एका ओळीत आहे. "रात्री अकरा वाजता" लागतं, "मोडी" लागतं, "कोणी" लागतं, "ऐकणारे" लागतं. मधला एक शब्द अजून लागत नाही. पहिलं अक्षर 'न' आहे की 'त', त्यावर सगळं अडलंय. मायन्यातल्या 'न'शी ताडून पाहिलं तर पुरतं जुळत नाही. कालपासून तो तुकडा मोठा करून गटावर टाकला आहे. तलाठीभाऊ म्हणतात 'त', दादा म्हणतात 'न'.